फूटिंग इतके जाड का?

कॉलमचा खड्डा भरण्याआधी घरमालक बहुधा एक प्रश्न विचारतो. कॉलम चाळीस सेंटिमीटरचा, स्लॅब जेमतेम साडेबारा सेंटिमीटरचा, मग खालची ही काँक्रीटची चौकट पाऊण हाताहून जाड कशासाठी? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर बऱ्याचदा ‘वजन पेलायला’ एवढ्यावर आटोपते. खरे उत्तर थोडे वेगळे आहे. वजन जमिनीवर पसरवायला लांबी-रुंदी लागते. जाडी लागते ती फूटिंग स्वतःच कापले जाऊ नये म्हणून. हे कापले जाणे दोन तऱ्हांनी होते, दोन्ही तऱ्हा वेगवेगळ्या तपासाव्या लागतात, आणि ज्या तपासणीला जास्त जाडी लागेल ती आराखड्यावर येते.

एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. चार मजली इमारतीतला मधला कॉलम, चाळीस बाय चाळीस सेंटिमीटरचा. त्यावर एकूण १०० टन भार येतो. जमीन चांगल्या घट्ट मुरमाची असून तिची सुरक्षित वहनक्षमता, म्हणजे इंजिनिअर ज्याला एसबीसी म्हणतात ती, दर चौरस मीटरला २० टन. फूटिंगचे स्वतःचे व वरच्या भरावाचे वजन म्हणून दहा टक्के वाढवले की ११० टन होतात. त्याला २० ने भागले की साडेपाच चौरस मीटर जागा हवी. म्हणून २.४ मीटर बाजूचा चौरस घेतला. त्याचे क्षेत्रफळ ५.७६ चौरस मीटर, म्हणजे थोडे जास्तच. इथपर्यंत जाडीचा विषयही निघालेला नाही.

आता हे चित्र मनात उलटे करावे. आपल्याला कॉलम खाली दाबतो असे दिसते, पण फूटिंगच्या दृष्टीने जमीन त्याला खालून वर ढकलते आहे आणि कॉलम त्याला मध्यभागी रोखून धरतो आहे. स्वतःचे वजन आणि भराव यांचा यात हिशेब धरायचा नाही, कारण ते वजन जिथल्या तिथे जमिनीवर टेकते, फूटिंगला वाकवत नाही. म्हणून १०० टनच घ्यायचे. भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे सुरक्षिततेसाठी ते दीडपट करायचे, म्हणजे १५० टन. ते ५.७६ चौरस मीटरवर पसरले की जमिनीचा वरच्या दिशेचा दाब दर चौरस मीटरला सुमारे २६ टन येतो. कॉलमच्या प्रत्येक बाजूला फूटिंगचा एक मीटर भाग बाहेर निघालेला आहे, आणि त्या बाहेरच्या भागाला हा दाब वर उचलू पाहतो.

असा बाहेर निघालेला भाग आधी वाकेल, हे कोणालाही सुचते. तो वाकणारा मोमेंट कॉलमच्या कडेशी सर्वांत जास्त असतो आणि या उदाहरणात तो सुमारे सव्वाएकतीस टन-मीटर भरतो. एम २५ दर्जाचे काँक्रीट आणि एफई ५०० सळई घेतली, तर हा मोमेंट पेलायला जाडी किती लागते? सुमारे वीस सेंटिमीटर. वाचकांनी हा आकडा लक्षात ठेवावा, कारण शेवटी याच फूटिंगची एकूण जाडी पंचावन्न सेंटिमीटर होणार आहे. वाकण्याला वीस पुरतात. उरलेले सगळे शिअरसाठी.

शिअर म्हणजे शेजारशेजारचे दोन भाग एकमेकांवरून सरकू पाहणे. काँक्रीटमध्ये ते प्रत्यक्षात तिरक्या ताणाच्या रूपाने दिसते, कारण काँक्रीट दाब भरपूर सोसते पण ताणाला फार कमकुवत असते. म्हणून शिअरची भेग उभी न जाता साधारण पंचेचाळीस अंशांत तिरकी जाते. बीममध्ये या तिरक्या भेगेला अडवायला रिंगा असतात. फूटिंगमध्ये आपल्याकडे सहसा रिंगा घालत नाहीत. इतक्या मोठ्या चौरसात उभ्या रिंगा बांधणे अवघड, जाळीत गर्दी होते, आणि त्या नीट बसल्या की नाही हे खड्ड्यात पाहणेही कठीण. त्यापेक्षा काँक्रीटची जाडीच पुरेशी ठेवणे सोपे आणि खात्रीचे. त्यामुळे फूटिंगमध्ये शिअरची सगळी जबाबदारी एकट्या काँक्रीटवर पडते, आणि काँक्रीटची जाडी वाढवणे हाच मुख्य उपाय उरतो.

पहिली तऱ्हा पंचिंगची. कॉलम फूटिंगमधून आरपार घुसू पाहतो, पत्र्यातून खिळा जातो तसा. फरक असा, की भेग तिरकी असल्यामुळे सुटून येणारा तुकडा कॉलमइतक्याच रुंदीचा नसतो. तो वरच्या बाजूला कॉलमएवढा आणि खाली पसरत गेलेला, शेंडा छाटलेल्या पिरॅमिडसारखा असतो. या पिरॅमिडच्या उतरत्या बाजू वरून खाली जाडीएवढ्या बाहेर सरकतात. म्हणून हिशेबासाठी मधली सरासरी जागा घेतात: कॉलमच्या कडेपासून जाडीच्या निम्म्या अंतरावर, चारही बाजूंनी फिरणारा एक चौकोन. त्या चौकोनाच्या आतल्या जमिनीचा दाब थेट कॉलमखालीच येतो, तो वजा करायचा. उरलेला भार चौकोनाच्या परिघावर, जाडीच्या उंचीच्या उभ्या भिंतीवर येतो असे मानायचे.

वीस सेंटिमीटर जाडी घेऊन पाहा. चौकोन साठ सेंटिमीटर बाजूचा होतो. आतला भाग वजा जाता सुमारे १४० टन उरतात. त्याला मिळणारी भिंत चार बाजू गुणिले साठ गुणिले वीस, म्हणजे ४,८०० चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला २९ किलो. मानकाप्रमाणे एम २५ काँक्रीटला चौरस कॉलमखाली पंचिंगमध्ये साडेबारा किलोच चालतात. दुपटीहूनही जास्त ताण झाला. मोमेंटच्या हिशेबाने बरोबर असलेले फूटिंग पंचिंगमध्ये सपशेल नापास होते. जाडी वाढवत गेले की दोन गोष्टी एकदम सुधारतात: भिंतीची उंची वाढते आणि चौकोनही मोठा होतो. त्यामुळे ताण झपाट्याने उतरतो. छत्तीस सेंटिमीटरला तो १२.३ किलोवर येतो आणि तपासणी सुटते.

बरेच नवखे इंजिनिअर इथे थांबतात. पंचिंगचे नावच भीतिदायक आहे, त्यामुळे तेच निर्णायक असणार असे वाटते. पण या फूटिंगची जाडी ठरवते ती दुसरी तऱ्हा.

तिला वन-वे शिअर म्हणतात. यात भेग कॉलमभोवती फिरत नाही. फूटिंगच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, पूर्ण २.४ मीटर रुंदीवर, सरळ रेषेत ती जाते आणि बाहेरची पट्टी उरलेल्या फूटिंगपासून सुटू पाहते. रुंद बीम जसा आधाराजवळ तिरका फाटतो तसे हे फाटणे. याची तपासणी कॉलमच्या कडेशी नसते, कडेपासून पूर्ण जाडीएवढ्या अंतरावर असते. त्यामागे कारण आहे. कॉलमच्या अगदी जवळ येणारा जमिनीचा दाब तिरक्या दाबाच्या वाटेने थेट कॉलमच्या बुडात पोचतो. त्याला तिरकी भेग पाडावी लागत नाही. भेग पाडणारा भार असतो तो त्या अंतराच्या पलीकडचा.

छत्तीस सेंटिमीटर जाडीला पलीकडची पट्टी चौसष्ट सेंटिमीटरची उरते. तिच्यावरचा भार सुमारे ४० टन, आणि तो पेलणारा छेद २४० गुणिले ३६ सेंटिमीटर. ताण येतो दर चौरस सेंटिमीटरला ४.६ किलो. पंचिंगच्या बारा किलोंपुढे हा आकडा क्षुल्लक दिसतो. पण इथे मुभाही तेवढीच कमी आहे. वन-वे शिअरसाठी मानकात काँक्रीटची ताकद सळईच्या टक्केवारीवर दिली आहे. पंधरा शतांश टक्के किंवा त्याहून कमी सळई असेल तर एम २५ ला २.९ किलो. पाव टक्क्याला ३.६. अर्ध्या टक्क्याला ४.९. छत्तीस सेंटिमीटरच्या फूटिंगमध्ये मोमेंटसाठी लागणारी सळई पाव टक्क्याच्या आसपास असते, म्हणजे चालणारा ताण साधारण साडेतीन. आपल्याकडे आहे ४.६. नापास.

दोन्ही तपासण्यांच्या मुभेत चौपट फरक का, हा प्रश्न इथे पडायलाच हवा. पंचिंगमध्ये तो छोटा पिरॅमिड चारही बाजूंनी काँक्रीटने जखडलेला असतो. भेग उघडायला सगळीकडून एकदम वाट काढावी लागते, आणि दोन्ही दिशांची सळई तिला रोखत असते. वन-वे शिअरची भेग मोकळ्या कडेपासून मोकळ्या कडेपर्यंत जाते, तिला बाजूने धरणारे कोणी नसते. सळईची टक्केवारी तिथे महत्त्वाची ठरते, कारण जास्त सळई भेगेला फार उघडू देत नाही. भेग अरुंद राहिली की तिच्या दोन्ही काठांवरची खडी एकमेकींत अडकून राहते, आणि वरचा दाबाखालचा न फुटलेला काँक्रीटचा पट्टाही जाड राहतो.

हे नियम नुसत्या तर्कातून आलेले नाहीत. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात आर्थर टॅलबट यांनी पोलादी स्प्रिंगांच्या गादीवर फूटिंगे ठेवून ती फुटेपर्यंत दाबली आणि १९१३ साली त्या चाचण्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. स्प्रिंगा जमिनीच्या जागी होत्या. त्याच विद्यापीठात फ्रँक रिचर्ट यांनी १९४० च्या दशकात पुन्हा अशा चाचण्या केल्या. फुटलेल्या फूटिंगांत ते तिरके पिरॅमिड आणि कडेपर्यंत गेलेल्या भेगा प्रत्यक्ष दिसल्या. आज आपण कागदावर जो चौकोन आणि जी रेषा आखतो, त्यांच्यामागे अशा मोडतोडीचा अनुभव आहे.

आता आपले फूटिंग पुरे करू. जाडी वाढवत गेलो की पट्टी अरुंद होते आणि छेद उंच होतो. पण जाडी वाढली की मोमेंटसाठी लागणारी सळई कमी होते, टक्केवारी घसरते आणि काँक्रीटची मुभाही थोडी घसरते. त्यामुळे पाठलाग थोडा लांबतो. पंचेचाळीस सेंटिमीटरला ताण ३.२, मुभा जेमतेम २.९. अठ्ठेचाळीसला ताण २.८ वर येतो आणि हिशेब जुळतो. वाकण्यासाठी वीस, पंचिंगसाठी छत्तीस, वन-वे शिअरसाठी अठ्ठेचाळीस, असा हा प्रवास आहे.

दुसरीही एक वाट आहे. मोमेंटला लागत नसली तरी सळई पाव टक्क्यावर नेली, तर मुभा ३.६ होते आणि बेचाळीस सेंटिमीटर जाडीत काम भागते. सहा सेंटिमीटर काँक्रीट वाचते, म्हणजे या फूटिंगमध्ये घनमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढे, आणि त्याबदली सुमारे पस्तीस किलो सळई जास्त लागते. कोणते स्वस्त, हे त्या गावच्या दरांवर ठरते. माझा कल जाड फूटिंगकडे आहे. जाडी ही खड्ड्यात टेपने मोजता येते, पंचिंगलाही तिचा उपयोग होतो, आणि जाळी विरळ राहिल्याने काँक्रीट खाली नीट उतरते. खड्ड्यात पाणी लागत असेल आणि आणखी खोल जाणे अवघड असेल, तर मात्र सळई वाढवलेली बरी.

आतापर्यंत ज्या जाडीबद्दल बोललो ती फूटिंगची पूर्ण जाडी नव्हे. ती वरच्या पृष्ठभागापासून सळईच्या मध्यापर्यंतची आहे, जिला इंजिनिअर इफेक्टिव्ह डेप्थ म्हणतात. सळईखालचे काँक्रीट गंजापासून संरक्षणासाठी असते, ताकदीत धरत नाहीत. त्यातही जाळीत दोन थर असतात, आणि वरच्या थराला एका सळईने कमी उंची मिळते. म्हणून हिशेब वरच्या थराचा करायचा. एकूण जाडी ५५ सेंटिमीटर धरली, खाली ५ सेंटिमीटर कव्हर सोडले आणि १२ मिलिमीटरच्या सळया घेतल्या, तर वरच्या थराला ४८.२ सेंटिमीटर मिळतात. हिशेबाला ४८ पुरत होते. दोन्ही दिशांना अशा पंधरा-पंधरा सळया टाकल्या की मोमेंटची गरजही भागते आणि किमान सळईची अटही पुरी होते. पंचिंगचा ताण आता ७.६ किलोवर उतरलेला असतो, साडेबाराच्या मुभेपुढे निवांत.

साइटवर बिघडते ते नेमके या इफेक्टिव्ह डेप्थमध्ये. पीसीसीचा थर उंचसखल टाकलेला असतो, कव्हर ब्लॉकऐवजी हाताला येईल तो खडीचा तुकडा जाळीखाली सरकवलेला असतो, आणि जाळी पाच सेंटिमीटर वर उचलली जाते. बाहेरून फूटिंग ५५ सेंटिमीटरचेच दिसते. पण इफेक्टिव्ह डेप्थ ४३ वर येते, वन-वे शिअरचा ताण ३.४ किलो होतो आणि मुभा ३ किलोच राहते. म्हणून जाळी तपासताना खालचे कव्हर पाहणे जितके महत्त्वाचे, तितकेच जाळीच्या वरच्या थरापासून फूटिंगच्या ठरलेल्या माथ्यापर्यंतचे अंतर टेपने मोजणे. शटरिंगवर काँक्रीटची पातळी खूण केलेली असली की हे दोन मिनिटांचे काम आहे.

आपल्याकडे उतरत्या माथ्याची फूटिंगे फार दिसतात. कॉलमशी पूर्ण जाडी, कडेला वीस-पंचवीस सेंटिमीटर. मानकाला कडेशी किमान पंधरा सेंटिमीटर चालतात, आणि काँक्रीट वाचते हा हेतूही चांगला. पण इथे एक गफलत वारंवार होते: पंचिंग आणि मोमेंटसाठी कॉलमजवळची जाडी तपासली जाते, आणि वन-वे शिअरसाठीही तीच धरली जाते. वन-वे शिअरची रेषा मात्र कॉलमपासून जवळजवळ अर्धा मीटर दूर आहे, आणि तिथे माथा खूप उतरलेला असतो. आपलेच फूटिंग कॉलमशी ५५ आणि कडेला २० असे उतरते केले, तर त्या रेषेवर इफेक्टिव्ह डेप्थ साधारण ३२ सेंटिमीटर उरते. ताण ४.२ किलोवर जातो, आणि माथ्याकडे छेद अरुंद होत असल्याने खरा आकडा त्याहूनही थोडा जास्तच. उतरते फूटिंग हवेच असेल तर कडेची जाडी वाढवावी किंवा उतार सौम्य ठेवावा. शिवाय उतारावर ओले काँक्रीट टिकत नाही, म्हणून कामगार ते कोरडे ठेवतात, थापीने थापतात, व्हायब्रेटर टाळतात. ज्या पट्ट्यावर शिअरचा भरवसा आहे तोच पट्टा पोकळ राहण्याची शक्यता त्यामुळे वाढते. लहान इमारतीत मला सपाट माथ्याचे फूटिंग जास्त पसंत आहे.

कॉलमच्या आकाराचाही यात वाटा आहे. नऊ इंची भिंतीत लपावा म्हणून आपल्याकडे २३ बाय ६० सेंटिमीटरचे पातळ लांब कॉलम घालतात. अशा कॉलमभोवती पंचिंगचा ताण सारखा पसरत नाही, कोपऱ्यांत आणि आखूड बाजूंशी तो साठतो. म्हणून मानक मुभा कमी करते, साडेबाराऐवजी ११ किलो. वन-वे शिअरला यापेक्षा मोठा फटका बसतो तो फूटिंग चौरसच ठेवल्यामुळे. २.४ मीटरच्या चौरसात पातळ बाजूने फूटिंग एक मीटर साडेआठ सेंटिमीटर बाहेर येते, आणि तेवढ्याने जवळजवळ चार सेंटिमीटर जाडी वाढते. तेच फूटिंग २.२ बाय २.६ मीटरचे केले की दोन्ही दिशांना बाहेरचा भाग मीटरच्या आसपास सारखा राहतो आणि जाडी पुन्हा खाली येते. कागदावरचा एवढासा बदल प्रत्येक कॉलमखाली काँक्रीट वाचवतो.

जमीन बदलली की निकालही बदलतो. याच कॉलमखाली बेसाल्टचा चांगला खडक लागला आणि एसबीसी ५० टन धरता आली, तर दीड मीटरचा चौरस पुरतो. बाहेरचा भाग ५५ सेंटिमीटरवर येतो. तेव्हा पंचिंगला सुमारे ३२ सेंटिमीटर लागतात आणि वन-वे शिअरला सुमारे ३८. दोन्ही आकडे जवळ येतात. मऊ जमिनीवर फूटिंग जितके पसरट होते तितका वन-वे शिअर पुढे निघतो. एकच तपासणी करून चालत नाही ते यामुळे: कोणती पुढे जाईल हे जमीन, कॉलम आणि सळई मिळून ठरवतात.

शिअरचे एक लक्षण मनावर ठसायला हवे. वाकून निकामी होणारा भाग आधी भेगाळतो, झुकतो, वेळ देतो. शिअर अचानक सुटतो, आणि फूटिंग तर जमिनीखाली असते, तिथली भेग कोणाला दिसणार? वर भिंतीत तिरक्या भेगा पडल्या किंवा कॉलम खचला, तरी त्याचे कारण काळ्या मातीचे फुगणे-आकसणे, पाणी किंवा जमीन दबणे यांपैकीही काही असू शकते. फूटिंगचे नक्की कळायला खणून पाहावे लागते आणि मूळ आराखडा हातात असावा लागतो.

मानकातल्या २.९ किलोत सुरक्षिततेचा हिस्सा धरलेला आहे, भारही दीडपट करून घेतलेला आहे. त्यामुळे तपासणीत थोडे नापास होणारे फूटिंग लगेच फुटते असे नाही. पण हा हिस्सा सदोष काँक्रीट, जमिनीतली विषमता, भारातली अनिश्चितता यांच्यासाठी राखलेला असतो. तो मजला चढवण्यासाठी नसतो. आपल्या उदाहरणातल्या इमारतीवर पाचवा मजला चढवला आणि कॉलमचा भार १२५ टन झाला, तर पंचिंगचा ताण साडेनऊ किलोच्या आसपास राहतो, तपासणी अजूनही पास. एवढेच पाहून कोणी होकार देईल. पण वन-वे शिअर साडेतीन किलोवर जातो, मुभेपेक्षा वीस टक्के जास्त, आणि जमिनीवरचा दाब चौरस मीटरला २४ टन होऊन एसबीसीही ओलांडली जाते. वाढीव मजल्याची परवानगी मागताना कॉलमची ताकद बहुतेक जण दाखवतात. फूटिंगचा आकार, त्याची इफेक्टिव्ह डेप्थ आणि हे दोन्ही शिअर नव्या भाराने पुन्हा काढून दाखवले आहेत का, हे आपल्या सल्लागाराला विचारणे रहिवाशांच्या हातात आहे. जुना आराखडा सोसायटीच्या कपाटात नसेल, तर निदान एका फूटिंगपर्यंत खणून मोजमाप घ्यावे लागते.